स्कॅन करा, नग टाका: किराणा दुकानाची आवक नोंद

यूएसबीचा साधा बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. पाकिटावरचा बारकोड वाचून तो आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये कर्सर जिथे असेल तिथे आकडा उमटतो.

किराणा दुकानासाठी दोन शीट पुरतात. `Yadi` मध्ये प्रत्येक मालाची एकच ओळ असते: बारकोड, नाव, वजन, एमआरपी. `Aavak` मध्ये A रकान्यात बारकोड, B मध्ये नग आणि C मध्ये नाव शोधणारा फॉर्म्युला येतो:

```
=IF(A2="","",IFERROR(VLOOKUP(A2,Yadi!A:D,2,FALSE),"नवीन माल"))
```

खरा वेळ वाचतो तो एका छोट्या बदलाने. स्कॅनरच्या माहितीपत्रकात सेटिंगचे बारकोड छापलेले असतात. त्यातला योग्य बारकोड स्कॅन केला की स्कॅनर एंटरऐवजी टॅब दाबू लागतो. समजा, बिस्किटांच्या २४ पुड्यांचा खोका आला. एक पुडा स्कॅन केला की A मध्ये `8901234567890` येते आणि कर्सर B मध्ये सरकतो. तिथे 24 टाइप करून एंटर दाबले की कर्सर आपोआप पुढच्या ओळीत, पुन्हा A मध्ये जातो. माउसला हात लावावा लागत नाही आणि २४ पुडे एकेक करून स्कॅनही करावे लागत नाहीत. खोक्यावरचा बारकोड मात्र बहुधा वेगळा असतो, म्हणून स्कॅन पुड्याचाच करावा.

माल यादीत असूनही C मध्ये ‘नवीन माल’ दिसू लागला, तर बहुतेक वेळा दोष एकच असतो: एका शीटमध्ये बारकोड मजकूर म्हणून साठवलेला आहे, दुसऱ्यात संख्या म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एक्सेल त्यांना वेगळे मानते. शिवाय बारकोड संख्या म्हणून ठेवला की तो `8.90123E+12` असा दिसू शकतो आणि सुरुवातीचे शून्य गळते. म्हणून स्कॅन सुरू करण्यापूर्वीच दोन्ही शीटमधल्या A रकान्याचे फॉरमॅट `Text` करावे. नंतर फॉरमॅट बदलल्याने गळलेले शून्य परत येत नाही.

सुट्या डाळी-तांदळाला कंपनीचा बारकोड नसतो. त्यांच्यासाठी स्वतःचा छोटा कोड ठरवून, लेबल छापून ते डब्यावर चिकटवता येते.

मालाची शिल्लक हवी असेल तर `Yadi` मध्ये आलेल्या नगांची बेरीज घेऊन त्यातून विक्री वजा करावी लागते:

```
=SUMIF(Aavak!A:A,A2,Aavak!B:B)
```

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवायलाच हवी. पाकिटावरच्या नेहमीच्या १३ आकडी बारकोडमध्ये एमआरपी, बॅच किंवा मुदत संपण्याची तारीख नसते. जुन्या आणि वाढलेल्या किमतीच्या पाकिटांवर एकच बारकोड असू शकतो. अशा वेळी यादीतली किंमत गृहीत न धरता पाकिटावरची छापील एमआरपी पाहून वेगळ्या रकान्यात लिहावी. मुदतीची तारीखही हातानेच भरावी लागते.