सोनोग्राफीआधीचा तो अर्धा कप चहा

सकाळी नऊची वेळ मिळालेली असते. पन्नाशीच्या एक काकू वेळेवर येतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितलेली असते. "काही खाल्लंय का?" "छे, उपाशीच आहे. सातला फक्त अर्धा कप चहा घेतला, ॲसिडिटी होते ना!" काकू खोटं बोलत नसतात. चहाला आपण खाणं समजतच नाही. तपासणी होते, पण रिपोर्टवर येतं की पित्ताशय आकुंचन पावलेलं आहे, रिकाम्या पोटी पुन्हा यावं.

यकृतात तयार होणारं पित्त जेवणाच्या मधल्या काळात पित्ताशयात साठतं आणि त्याची पिशवी हळूहळू फुगत जाते. अशा भरलेल्या पिशवीतलं पित्त पडद्यावर काळंभोर दिसतं, त्यात खडा असला तर तो पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे सावली पडते. पण चहातल्या दुधाची साय-स्निग्धता आतड्यात पोचली, की शरीराला वाटतं जेवण आलं. आतड्यातून एक संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आवळून आपलं पित्त बाहेर टाकतं. आवळलेल्या पिशवीची भिंत जाड दिसते. ती सूज आहे की नुसतं आकुंचन, हे ठरवणं अवघड जातं. लहान खडा घड्यांत लपून जाऊ शकतो. म्हणून सहा ते आठ तास काही खायचं नाही, यात दूध, चहा, कॉफी सगळं आलं. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडूही आला, कारण आपल्याकडचा उपास इथे कामाचा नाही! साधं पाणी मात्र चालतं.

काकूंच्या रिपोर्टात आणखी एक ओळ असते: आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही. सोनोग्राफीचा आवाज द्रवातून आणि मऊ अवयवांतून सहज जातो, हवेला आपटला की परत फिरतो. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असल्यामुळे पुढे वायू असला की ते झाकलं जातं. मग डॉक्टर कुशीवर वळायला सांगतात, प्रोबने दाबून वायू बाजूला सारतात, पण नेहमीच जमतं असं नाही. आदल्या दिवशी मिसळ, छोले, राजमा, वाटाणा, कोबी, फ्लॉवर, सोड्याची पेयं टाळायची ती यासाठी. दूध पचत नसेल तर तेही नको. रात्री आठच्या सुमारास मऊ भात, पातळ मुगाचं वरण, दुधीची भाजी असं हलकं जेवण पुरे. सकाळी सिगारेट, तंबाखू, च्युइंगम नको. चघळताना आणि झुरका घेताना हवाही गिळली जाते.

काकूंना खालच्या पोटाचीही तपासणी सांगितली असेल, तर पाण्याचा मामला येतो. भरलेलं मूत्राशय आतडी वर ढकलतं आणि त्यातल्या पाण्यामधून मागचं गर्भाशय, अंडाशय स्पष्ट दिसतात. पुरुषांत प्रोस्टेटसाठीही हेच. तपासणीच्या साधारण तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी, म्हणजे लिटरभर, सावकाश प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. घटाघटा प्यायल्यास पाण्याबरोबर हवाही पोटात जाते. मूत्राशय भरायला वेळ लागतो. दारात पोचून बाटली तोंडाला लावण्यात अर्थ नाही. लघवीची चांगली जाणीव झाली की काउंटरवर सांगायचं. फार ताणून मात्र धरू नये, कारण अतोनात भरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रपिंडांतही लघवी तुंबल्यासारखी दिसते आणि मग रिकामं करून पुन्हा पाहावं लागतं. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.

रक्तदाबाची सकाळची गोळी बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाचं तसं नाही. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर घसरू शकते, म्हणून त्या दिवशीचा डोस आधी विचारून ठेवावा, सकाळची पहिली वेळ मागावी आणि खाण्याचा डबा सोबत न्यावा. घाम फुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर खावी. तपासणी दुसऱ्या दिवशीही होते. तान्ह्या बाळांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांच्यासाठी केंद्राकडून वेगळी सूचना घ्यावी.

चुकून चहा घेतलाच असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगा. डॉक्टर त्या हिशेबाने बघतील किंवा वेळ बदलून देतील. आणि अचानक असह्य पोटदुखी झाली, पोटाला मार लागला, तर तयारीसाठी एक तासही थांबू नका. तशा वेळी भरल्या पोटीही सोनोग्राफी करतात.