रेघेवरून काढलेला आकडा

अहवालात आलेख छापलेला असतो, पण त्यामागचे आकडे कुठेच दिलेले नसतात. पत्रकाराला, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला, अनेक जुन्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संशोधकाला ही अडचण नेहमीची. मग आलेखाचं चित्र स्क्रीनवर उघडायचं आणि रेघेवरून आकडे परत मिळवायचे. त्यासाठी वेबप्लॉटडिजिटायझरसारखी साधनं आहेत. रेघेवर क्लिक केलं की ती चार-चार दशांश स्थळांचा आकडा देतात. त्यातली किती स्थळं भरवशाची, हे मात्र ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं.

ते कसं ठरवायचं, हे पाहायला एक असा आलेख घेऊ, ज्याचे मूळ आकडे सर्वांसाठी खुले आहेत. म्हणजे आपलं वाचन पडताळता येईल. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च 1958मध्ये हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू केली. त्या मोजणीचा आलेख शाळेच्या पुस्तकांतही दिसतो. वर चढत जाणारी एक सलग रेघ आणि तिच्याभोवती दरवर्षी वरखाली होणारी दातेरी रेघ. उभ्या अक्षावर पीपीएम, म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे किती रेणू.

समजा, आपल्याकडे या आलेखाचं एक बेताचं चित्र आहे. उभ्या अक्षावर 320ची खूण पिक्सेलच्या 540व्या ओळीवर आहे आणि 420ची 90व्या ओळीवर. (चित्रात ओळी वरून खाली मोजतात, त्यामुळे वरच्या खुणेचा क्रमांक लहान.) म्हणजे 450 पिक्सेलमध्ये 100 पीपीएम मावले, एका पिक्सेलला साधारण 0.22 पीपीएम. आडव्या अक्षावर 1960 आणि 2020 या खुणांमध्ये 780 पिक्सेल आहेत, म्हणजे एका वर्षाला 13.

पुढे जाण्याआधी एक तपासणी हवीच. अक्ष बसवताना न वापरलेली तिसरी खूण वाचायची. हिशेबाप्रमाणे 370ची खूण 315व्या ओळीवर यायला हवी. ती 311वर सापडली, तर चित्र तिरकं स्कॅन झालंय, ताणलं गेलंय किंवा अक्ष समान टप्प्यांचा नाहीच. असं असेल तर थांबलेलं बरं. पुढचं सगळं वाचन त्याच चुकीवर उभं राहील.

आता सलग रेघेवरून 2000 सालची सरासरी काढू. वर्षाची सरासरी वर्षाच्या मध्यावर वाचायची, म्हणून 2000च्या खुणेपासून साडेसहा पिक्सेल उजवीकडे जायचं. तिथे रेघेचा मध्य 317व्या ओळीवर दिसतो. 540मधून 317 गेले, उरले 223 पिक्सेल. साधन सांगेल 369.5556. आपण 369.6 घेऊ आणि याच्या मागेपुढे किती सरकायला वाव आहे ते पाहू.

रेघ तीन पिक्सेल जाड आहे, शिवाय कडा धूसर. तिचा मध्य एखादा पिक्सेल इकडेतिकडे धरला जाणारच. ते झाले 0.22 पीपीएम. अक्षाच्या दोन्ही खुणा वाचतानाही एकेक पिक्सेलची चूक शक्य आहे. आपलं वाचन दोन्ही खुणांच्या साधारण मधोमध असल्यामुळे तिचा परिणाम सौम्य होऊन 0.16वर येतो. आडव्या दिशेला एक पिक्सेल चुकला तर काय? त्या सुमारास रेघ वर्षाला साधारण दीड-पावणेदोन पीपीएमने चढत होती, त्यामुळे वर्षाच्या तेराव्या भागाची चूक 0.13च्या आसपास जाते. या तीन चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. उत्तर येतं 0.3. तक्त्यात लिहायचं: 2000, 369.6, अधिक-उणे 0.3. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या सध्याच्या तक्त्यात त्या वर्षाची सरासरी 369.71 आहे. आपल्या पट्ट्यात ती आरामात बसते.

यात एक गृहीत मात्र मी गुपचूप धरलं होतं. 2000ची खूण 1 जानेवारीची, हे कशावरून? काही आलेखांत खूण वर्षाच्या मध्यासाठी असते. ते उलटं धरलं तर अर्ध्या वर्षाची, म्हणजे 0.8 पीपीएमची चूक होते. वरच्या तिन्ही चुका एकत्र केल्या तरी त्याहून कितीतरी मोठी! शिवाय ही चूक कुठल्याही साधनात दिसत नाही आणि दहा वेळा वाचून सरासरी काढली तरी जात नाही. आलेखाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचणं हाच त्यावर उपाय. तीही नसेल, तर शेऱ्याच्या रकान्यात ही शंका स्वच्छ शब्दांत लिहावी, 0.3मध्ये मिसळून लपवू नये.

खुणा वाचतानाची चूकही अशीच सगळ्या ओळींना एकत्र लागते. 320ची खूण आपण एक पिक्सेल खाली धरली असेल, तर जवळची सगळी वाचनं एकाच दिशेने सरकतात. म्हणून लगतच्या दोन वर्षांतला फरक काढायचा असेल, तर ती चूक जवळजवळ कटून जाते. तक्ता करणाऱ्याने प्रत्येक ओळीची स्वतंत्र अनिश्चितता एका रकान्यात द्यावी आणि सर्वांना मिळून लागणारी तक्त्याखाली वेगळी सांगावी, असं माझं मत आहे. नाहीतर तक्ता वापरणारा फरकांवर विनाकारण अविश्वास दाखवेल.

आता ती दातेरी रेघ. उत्तर गोलार्धातली झाडं-पिकं वाढीला लागली की हवेतला कार्बन शोषतात; त्यामुळे मौना लोआवर मे महिन्यात शिखर येतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ. दोन्हींत साधारण सहा पीपीएमचा फरक, म्हणजे आपल्या चित्रात 27 पिक्सेलची उंची. ही सगळी उतरण जेमतेम पाच पिक्सेलच्या रुंदीत होते. त्या उतारावर आडवा एक पिक्सेल चुकला की उभे पाच चुकतात, म्हणजे एक पीपीएमहून जास्त. सलग रेघेवर हीच चूक 0.13 होती. चित्र तेच, वाचणारा तोच, पण उतार बदलला की अनिश्चितता आठ-नऊ पट होते. म्हणूनच सगळ्या तक्त्याला एकच 'अधिक-उणे' चिकटवणं मला पटत नाही.

शिखराची उंची त्यामानाने बरी वाचता येते, कारण टोकाशी रेघ क्षणभर आडवी असते. महिना मात्र वाचता येत नाही. एका महिन्याला एकच पिक्सेल आणि रेघेची जाडी तीन, म्हणजे रेघेच्या एका टिंबाखाली जवळजवळ तीन महिने झाकलेले. अशा वेळी जुलै 2000च्या चौकटीत आकडा न भरता 'या चित्रातून वाचता येत नाही' असं लिहावं. साधनाला विचारलं तर ते तिथेही चार दशांश स्थळं देईलच.

तक्त्याच्या डोक्यावर आलेख कुठला आणि कोणत्या वर्षी छापलेला, तेही नोंदवावं. या मोजणीची प्रमाणपट्टी 2021मध्ये सुधारली गेली आणि आधीच्या वर्षांचे आकडेही थोडे वर सरकले. त्याआधीच्या आलेखावरून वाचलेला आकडा आजच्या तक्त्याशी ताडून पाहिला, तर उरलेल्या फरकातला काही भाग आपल्या वाचनाचा नसून त्या सुधारणेचा असेल.