दापोलीच्या पावसात वाळतील असेच कपडे ने

चि. सईस,


काल तू बॅग भरायला काढलीस आणि सगळ्यात वर तीन जीन्स ठेवल्यास, तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. तोंडी सांगितलं की तू "हो गं आई" म्हणून मोकळी होतेस.

तू सोलापुरात वाढलीस. इथे सकाळी दोरीवर टाकलेला कपडा दुपारी कडक होऊन हातात येतो. आपल्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त दापोलीत एकट्या जुलैत पडतो. तू ऑगस्टात जाणार, म्हणजे पुढचा दीड महिना तरी हवाच ओली असणार. ओल्या हवेत कपड्यातलं पाणी जायला जागा नसते. मी चिपळूणची, माझं लहानपण चुलीवरच्या वलणीखाली गेलं. शाळेच्या गणवेशाला धुराचा वास यायचा, पण तो कोरडा असायचा. हॉस्टेलला चूल नाही, पंखा आहे. त्या हिशेबाने सामान भर.

पातळ सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाचा कुडता भर पावसात खोलीत वाळायला दोन-तीन दिवस घेतो. रोज एक जोड धुतलास तर एक अंगावर, तीन दोरीवर आणि दोन कपाटात, असे सहा जोड पुरतात. जीन्सच्या कमरेची शिवण आणि खिसे चौथ्या दिवशीही ओलसर लागतात, म्हणून जीन्स दसऱ्यानंतर ने. आपला जाड सोलापुरी टॉवेलही इथेच राहू दे. मला त्याचा अभिमान आहे, पण तिथे तो वाळणार नाही. दोन पंचे ने. पांढरी सलवारही नको. शेतावरच्या प्रॅक्टिकलला जांभ्याची लाल माती उडणारच, आणि तिचा रंग लोहाचा असतो. ब्लीचने तो डाग जात नाही, उलट पक्का होतो. चिखल आधी वाळू द्यायचा, ब्रशने झटकायचा आणि मगच थंड पाण्यात कपडा टाकायचा.

कपड्यांना येणारा कुबट वास घामाचा नसतो. कपडा फार वेळ ओला राहिला की त्यात जिवाणू वाढतात, त्यांचा तो वास. वरून अत्तर मारून तो जात नाही. आठवड्याचे कपडे एकदम भिजवू नकोस. पावडर जास्त घातली की धुपतही नाही, तिचा थर कापडात राहतो आणि तोही ओल धरतो. कपडा पिळून झाला की कोरड्या पंच्यात गुंडाळून पुन्हा पीळ, निम्मं काम तिथेच होतं. मग पंख्याखाली, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून, कुडता उलटा करून टाक. वाळला की नाही हे बाहीवरून ठरवू नकोस, काखेची आणि गळ्याची शिवण गालाला लावून बघ. गार लागली तर आत ओल आहे.

आतले कपडे मुली लाजून ओढणीखाली वाळत घालतात. तिथे वारा लागत नाही, कपडे दमट राहतात आणि मग जांघेत गजकर्ण होतं. ते उघड्यावर, पंख्याच्या थेट खाली टाक. खोलीत सगळ्या मुलीच आहेत. वापरण्याआधी त्यांच्यावर गरम इस्त्री फिरव. इलॅस्टिकवर मात्र नको.

खळ केलेले कपडे कपाटात ठेवू नकोस, खळ कसरीचं खाणं आहे. तुझ्या बाबांनी आणलेल्या डांबरगोळ्या मी काढून घेतल्या आहेत. त्यांनी किडे मरतात, पण बुरशी थांबत नाही, आणि बंद खोलीत तो वास घेत झोपणं बरं नाही. त्यापेक्षा कपाट रोज तासभर उघडं ठेव.

बुटांचे दोन जोड लागतील, कारण आज भिजलेला जोड उद्या वाळत नाही. भिजून आलीस की नाड्या सोड, आतला सोल बाहेर काढ, वर्तमानपत्राचे बोळे पार पुढच्या टोकापर्यंत कोंब. ते दोन तासांत ओले होतात, तेव्हा बदल. एकदाच कोंबून रात्रभर ठेवलेस तर तोच ओला कागद बुटात ओल धरून ठेवतो. हेअर ड्रायर किंवा हीटरजवळ नेऊ नकोस; डिंक सुटून तळ उघडतो, चामडं तडकतं.

चामड्याच्या चपलेवर हिरवट-पांढरी बुरशी आली तर खोलीत झटकू नकोस, तिची धूळ कपाटभर पसरते. बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पूस, ते फडकं टाकून दे, चप्पल वाऱ्याला ठेव आणि पूर्ण वाळल्यावर पॉलिश लाव. ओलीवर पॉलिश लावलंस तर ओल आतच अडकते. रोजच्या वापराला रबरी सँडल घे, पण तळव्याच्या खाचा बघून. झिजल्या की शेवाळलेल्या जांभ्यावर पाय सटकतो, तेव्हा लगेच नवी घे, पैशांचा विचार करू नकोस.

बॅगेत जुने पेपर घातले आहेत, ते रद्दी समजून टाकू नकोस. दिवाळीला येताना चादर आणि पांघरूण घेऊन ये. इथल्या गच्चीवर दोन दिवस ऊन देऊ, आणि जाताना जीन्स घेऊन जा.

तुझी,
आई