शिफ्टिंगचं काम: फोनवर रेट सांगू नका, आधी घर बघा

पॅकिंग-शिफ्टिंगचा धंदा सुरू करणारे बरेच जण पहिली चूक फोनवरच करतात. पार्टी विचारते, "टू बीएचके आहे, किती घ्याल?" आणि आपण आकडा सांगून मोकळे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही भरा. कोथरूडहून वाकडला सामान न्यायचंय. टेम्पो 3,000, चार माणसं 900 प्रमाणे 3,600, खोके-बबल रॅप-टेप 1,400. खर्च झाला 8,000. तुम्ही 10,000 सांगितले, म्हणजे 2,000 सुटायला हवेत.

आता कामाचा दिवस. कोथरूडला तिसरा मजला, लिफ्ट नाही. माळा उघडला तर पाहुण्यांची भांडी, गाद्या, जुना कूलर. वाकडला सोसायटीत टेम्पो आत सोडत नाहीत आणि सामानाची लिफ्ट पाचला बंद. दोन माणसं जास्तीची बोलावली, 1,800 गेले. टेम्पोवाल्याने थांबण्याचे 500 घेतले. खर्च 10,300. दिवसभर राबून खिशातले 300 गेले! आणि जास्त पैसे मागावेत तर पार्टी म्हणणार, "ठरलं होतं ना?"

हे सगळं अर्ध्या तासात आधी कळलं असतं. म्हणून घरी जा, माळा आणि बाल्कनी स्वतः उघडून बघा. दुसऱ्या टोकाच्या सोसायटीत फोन करून शिफ्टिंगची वेळ आणि टेम्पो कुठे उभा राहील ते विचारा. मगच रेट लिहून द्या.

आता तुटफुटीचं. खरं भांडण "हे आधीपासूनच होतं की तुम्ही केलं" यावर होतं. पॅकिंगआधी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन घरच्यांसमोर चालू करून व्हिडिओ काढा, जुने ओरखडेही त्यात घ्या, आणि तो त्यांना लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा. फ्रंट लोड मशीन असेल तर त्याचे ट्रान्झिट बोल्ट मागा. ते लावून ड्रम घट्ट केला नाही तर रस्त्यातल्या धक्क्यांनी आतले सस्पेन्शन खराब होते, आणि ते कळतं पार्टीने मशीन लावल्यावर. बोल्ट हरवले असतील तर तसं आधीच लिहून घ्या.

पार्टिकल बोर्डच्या कपाटाचंही तसंच. एकदा खोललं की स्क्रूची भोकं सैल होतात, पुन्हा जोडल्यावर पकड पूर्वीसारखी राहत नाही. हे खोलायच्या आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो.

सोनं, कागदपत्रं, देव्हाऱ्यातले देव घरच्यांनाच न्यायला सांगा. आणि प्रवासातल्या नुकसानीची पॉलिसी खरोखर काढलेली नसेल, तर "आमच्याकडे इन्शुरन्स आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्यापेक्षा कोणत्या वस्तूची जबाबदारी किती रुपयांपर्यंत तुमची, ते रेटच्या कागदावरच लिहा.