साबणदाणीवरचा राप

साबणदाणी साबणाने घासली की स्वच्छ होईल, असं आपल्याला सहज वाटतं. प्रत्यक्षात बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या घरात साबणाने घासाल तेवढा राप वाढतो. याचं कारण पाण्यात आहे. आपल्याकडे काळ्या खडकाच्या भेगांतून वर येणारं विहिरीचं आणि बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. साबण या क्षारांना भेटला की त्यातला सोडियम बाहेर पडतो, त्याची जागा कॅल्शियम घेतो आणि पाण्यात न विरघळणारा पांढरट, चिकट साका तयार होतो. दाणीवर, बादलीच्या कडेला, फरशीवर बसतो तो हाच. तो आता साबण राहिलेला नसतो, म्हणून पाण्याने जात नाही.

आपल्या पाण्याचा जडपणा घरीच अजमावता येतो. दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत आरओचं किंवा पावसाचं पाणी भरा. दोन्हीत अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाकून जोरात हलवा. जड पाण्यात फेस कमी येतो आणि पांढरी कणी तरंगू लागते. ती कणी म्हणजेच दाणीवरचा राप.

उदाहरणादाखल नेहमीची प्लास्टिकची, आत उंच रेषा असलेली साबणदाणी घेऊ. तिच्यात तीन थर असतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा असतो. सर्वांत वर बुळबुळीत लगदा असतो. तो भिजलेला साबणच, त्यामुळे गरम पाण्यात विरघळतो. त्याच्या खाली राप असतो, नखाने खरवडला तर मेणासारखा वळतो. अगदी तळाशी, पाणी साचून वाळतं त्या कोपऱ्यात, टणक पांढरा खरपुडा असतो. तो नखाला दाद देत नाही. हा निव्वळ क्षार.

आधी लगदा काढून दाणी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि जुन्या ब्रशने खळबळून धुवा. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक अॅसिड विरघळवा. काही दुकानांत हेच लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं घ्या. दाणी त्यात पूर्ण बुडवून अर्धा तास ठेवा. खरपुड्यावर बारीक बुडबुडे दिसतील, ते कार्बन डायऑक्साइडचे. राप मात्र बुडबुडत नाही. तो गुपचूप बदलतो. आम्ल त्यातला कॅल्शियम ओढून घेतं आणि मागे उरतं मूळ चरबीचं आम्ल, मेणासारखं तुपकट.

बहुतेकांची फसगत इथेच होते. अर्ध्या तासाने दाणी बाहेर काढून थंड पाण्याने धुतली तर ती आणखी ओशट लागते आणि व्हिनेगरचा काही उपयोग नाही असं वाटतं. उपयोग झालेला असतो, काम अर्धं झालेलं असतं. ही चरबी गरम पाण्याने मऊ पडते, मूळ राप मऊ पडत नव्हता. म्हणून दुसऱ्या टप्प्यात हाताला सोसेल एवढं गरम पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-चार थेंब टाका आणि नायलॉनच्या घासणीने रेषांमध्ये घासा. भांड्यांचा द्रव साबणाच्या जातीचा नसतो, त्यामुळे जड पाण्यातही तो नवा राप करत नाही. राप फार जुना असेल तर या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घाला. सोड्यामुळे त्या चरबीचा पुन्हा साबण होतो आणि ती निघून जाते. आधी आम्ल, मग सोडा, हा क्रम पाळा. दोन्ही एकत्र ओतलं की भरपूर फेस येतो, पण ती एकमेकांना मारतात आणि राप जागच्या जागी राहतो. हा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मुळीच पटत नाही.

हे सगळं प्लास्टिकच्या टबात करा. कडप्पा, शहाबाद आणि संगमरवर यांतला चुना आम्लात विरघळतो. ओट्यावर किंवा कोनाड्यात सांडलेल्या थेंबाचा फिकट डाग पुसून जात नाही, त्याला पॉलिशच करावं लागतं.

टूथब्रशच्या स्टँडमध्ये साबण कमीच असतो. तळाशी साठतो तो पेस्टचा, लाळेचा आणि ब्रशवरून निथळलेल्या पाण्याचा चिखल. बऱ्याच पेस्टमध्ये खडूच असतो, म्हणून सुकलेला चिखल आम्लात फसफसतो. बाटली धुण्याच्या ब्रशने तळ घासून घ्या. गुलाबी किंवा काळपट बुळबुळीत थर असेल तर ते जिवाणू आणि बुरशी. भांड्यांच्या द्रवाने धुऊन झाल्यावर प्लास्टिकचा किंवा काचेचा स्टँड पाण्यात विरळ केलेल्या ब्लीचमध्ये दहा मिनिटं बुडवा, मग भरपूर पाण्याने धुवा. पण त्यावर आम्लाचा अंशही उरलेला नको. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. बरेच टॉयलेट क्लीनरही आम्लच असतात, हे विसरू नका.

स्टीलच्या पेल्याला ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर दोन्ही वर्ज्य. स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि दोन्हींतला क्लोराइड तोच थर फोडतो. तारेची घासणीही नको. तिचे लोखंडी कण चिकटून राहतात, गंजतात, आणि पेलाच गंजला असं वाटतं. पेल्यात ठेवलेल्या पिना आणि ब्लेडही तेच करतात. पेल्यासाठी वरचंच सायट्रिक अॅसिडचं पाणी वापरा, वीस मिनिटं पुरतात. पाण्याच्या रेषेवरची पांढरी कडा आणि तांबूस डाग दोन्ही निघतात. कारखान्यांतही स्टीलवरचे लोखंडाचे कण काढायला सायट्रिक आम्ल वापरतात. नंतर डागाच्या जागेवरून नख फिरवा. नख सरळ घसरलं तर डाग वरवरचा होता. अडकलं तर तिथे खड्डा पडला आहे, तो कशानेही भरणार नाही. तसा पेला चूळ भरायला वापरू नका.

शेवटी तिन्ही वस्तू कोरड्या फडक्याने पुसा. तुम्ही ज्या पाण्याने त्या खंगाळता त्यातही तेच क्षार आहेत आणि थेंब वाळला की ते तिथेच राहतात. साबणदाणी भोकांची घ्या, पेला पालथा ठेवा आणि आठवड्यातून एकदा पुसण्याचा नेम ठेवा, म्हणजे आम्लाची वेळ क्वचितच येईल.