सोप्या प्रश्नावर स्पर्धक का अडतो?

प्रश्नमंजूषेत अवघड प्रश्नावर स्पर्धक हरतो तो बहुधा माहिती नसते म्हणून. सोप्या प्रश्नावर तो गप्प होतो तेव्हा माहिती डोक्यात असते, फक्त वेळेवर हाती लागत नाही. टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिकेचा प्रश्न आला की असे हमखास घडते. हे कसे होते ते एका काल्पनिक स्पर्धकाच्या गोष्टीतून पाहता येईल.

ही स्पर्धक नागपूरची शिक्षिका आहे असे मानू. कार्यक्रमात पर्याय दिले जात नाहीत आणि उत्तराला दहा सेकंद मिळतात. प्रश्न येतो : झी टीव्हीवर १९९५मध्ये सुरू झालेल्या ‘हम पाँच’ या मालिकेत पाच मुलींच्या वडिलांची, म्हणजे आनंद माथुर यांची भूमिका कोणी केली होती?

तिने ही मालिका शाळकरी वयात आवडीने पाहिलेली आहे. भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी दिवंगत पहिली बायको आणि त्या भूमिकेतल्या प्रिया तेंडुलकर तिला लगेच आठवतात. काजलभाई आठवते. राधिकेचे काम करणारी विद्या बालन पुढे सिनेमात गेली, हेही आठवते. वडिलांचा चेहरा तर समोरच उभा आहे. याच नटाने ‘अशी ही बनवाबनवी’त धनंजय माने रंगवला, इथपर्यंत ती पोचते. पण ओठांवर येते ते नाव ‘लक्ष्मीकांत’. ते चूक आहे हे तिला कळते, ती ते बाजूला सारते, आणि पुन्हा तेच येते. वेळ संपल्याची घंटा वाजते. क्षणभराने, खुर्चीवरून उठताना, ‘अशोक सराफ’ हे नाव आपोआप आठवते.

नाव ओठांवर येऊन अडण्याच्या या अवस्थेचा प्रयोगशाळेतला पहिला गाजलेला अभ्यास रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६मध्ये प्रसिद्ध केला. विरळ शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्यावर ज्यांना शब्द सुचत नव्हता, त्यातल्या अनेकांना त्याचे पहिले अक्षर किंवा लांबी मात्र बरोबर सांगता येत होती. म्हणजे शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा उच्चार मेंदूत एकाच हिसक्यात बाहेर येत नाहीत. पहिला सापडला तरी दुसऱ्यापर्यंतची वाट अडू शकते.

विशेषनामांच्या बाबतीत ही वाट सगळ्यात कच्ची असते. माणसाचा धंदा कळला की त्याचे कपडे, हत्यारे, कामाची जागा असे कितीतरी धागे त्याला जोडले जातात. आडनावाला असा आधार नसतो. एकच इंग्रजी शब्द काहींना धंदा म्हणून आणि काहींना आडनाव म्हणून शिकवला, तर तो धंदा म्हणून जास्त लक्षात राहतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच शिक्षिकेला नटाच्या भूमिका आठवल्या आणि नाव राहिले. त्यात ‘लक्ष्मीकांत’ हे नाव त्याच चित्रपटांतून, त्याच काळातून आलेले. जितक्या वेळा ते मनात उमटले तितके ते बळावले आणि खरे नाव मागे पडत गेले. अशा वेळी जोर लावण्याऐवजी लक्ष दुसरीकडे नेले तर नाव बऱ्याचदा सुटते. दहा सेकंदांत त्याला सवड नसते.

दिव्यांचा झोत, प्रेक्षक आणि पैशांचा ताण यांनी अडचण वाढते. ताणात शरीरात कॉर्टिसॉल वाढते. झुरिचच्या संशोधकांनी २००० साली दाखवले की चाचणीआधी कॉर्टिसोन दिलेल्या लोकांना आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द कमी आठवले. यादीत दाखवलेले शब्द ओळखण्यात मात्र तसा फरक पडला नाही. आठवणे आणि ओळखणे यांतला हा फरक इथे कळीचा आहे.

आता तोच प्रश्न ‘कौन बनेगा करोडपती’सारख्या, चार पर्यायांच्या खेळात विचारला असे समजा. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन पिळगावकर, महेश कोठारे. नाव डोळ्यांपुढे असल्यामुळे जिभेवरची अडचण संपते. तरीही स्पर्धक थबकू शकते, पण कारण बदललेले असते. इतक्या रकमेला इतका सोपा प्रश्न कसा, यात काही खाच असणार, असे तिला वाटू लागते. या खेळात उत्तर पक्के करण्याआधी मोठ्याने विचार करण्याची रीत आहे. शंका एकदा बोलून दाखवली की तिच्या बाजूने कारणे सुचू लागतात : दुसऱ्या कुठल्या मालिकेशी आपण गल्लत करतोय का? दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. फरक ओळखायचा तर स्पर्धक काय बोलते ते ऐकावे. पहिल्या प्रकारात ती नटाचे वर्णन करत राहते, दुसऱ्यात ती नाव उच्चारते आणि मागे घेते.

दुसऱ्या प्रकारात ती बहुधा प्रेक्षकांचा कौल मागते. लोकप्रिय मालिकेच्या प्रश्नावर हा कौल सहसा बरोबर निघतो आणि ती वाचते. पण पुढे खरोखर अवघड प्रश्न येतो तेव्हा ती लाइफलाइन उरलेली नसते.