नोकरीतील खंडानंतर लवचीक वेळेचा उद्योग : नागपुरातील कुरडई निर्मितीचा विचार

प्रस्तावना :
अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा अर्थार्जन करू इच्छिणाऱ्या स्त्रीला बहुधा डबे पुरविण्याचा व्यवसाय सुचविला जातो. परंतु डब्याची वेळ ग्राहक ठरवितो. घरातील आजारपणामुळे एक दिवस चुकला, तरी ग्राहक तुटतो. म्हणून लवचीक वेळ हवी असल्यास, तयार माल किती काळ थांबू शकतो, हा निकष प्रथम लावावा लागतो. 1959 मध्ये मुंबईत सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगाचे रहस्य हेच होते. पीठ केंद्रावर मळले जाई आणि पापड मात्र प्रत्येकीने आपल्या सवडीने घरी लाटावयाचे.

कामाची विभागणी :
नागपूरच्या प्रखर उन्हाळ्यात कुरडई हा याच निकषात बसणारा पदार्थ होय. गहू तीन दिवस भिजवून पाणी रोज बदलावे लागते. या कामास काही मिनिटेच पुरतात. चौथ्या दिवशी गहू वाटून चोथा गाळावा व चीक रात्रभर निवळू द्यावा. पाचव्या दिवशी सकाळी वरचे पाणी काढून चीक शिजवावा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालाव्यात. म्हणजे सक्तीची वेळ या एका सकाळचीच असते. वाळवण, वजन, बांधणी व विक्री ही कामे सवडीने करता येतात.

धोके व मर्यादा :
चीक कच्चा राहिल्यास वाळलेली कुरडई चुरते. आत ओलावा राहिल्यास ती कडकन न मोडता वाकते. असा माल बांधल्यास बुरशी येते. अवकाळी पावसाने ऊन गेले, तर निवळलेला चीक आंबतो. त्यामुळे हवामानाचा अंदाज गहू भिजविण्यापूर्वीच पाहावा. उत्पादन उन्हाळ्यापुरतेच असले, तरी कोरडा माल वर्षभर विकता येतो. विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी आवश्यक आहे.

मोबदल्याचा हिशेब :
समजा, एका खेपेच्या विक्रीतून गहू, गॅस व पिशव्यांचा खर्च वजा जाता 420 रुपये उरले आणि सर्व कामांस मिळून 7 तास लागले. तर तासाचा मोबदला 60 रुपये पडतो. पाणी बदलण्याची मिनिटे व पोहोचविण्याच्या फेऱ्या वगळल्यास हाच आकडा फुगून दिसतो. दोन किलो गव्हांची पहिली खेप केवळ या मोजणीसाठी करावी.

निष्कर्ष :
तासाचा मोबदला अपुरा वाटल्यास गहू वाढविण्याआधी सक्तीच्या सकाळी मदतनीस मिळेल काय, हे पाहावे. कारण या उद्योगाची मर्यादा भांडवलाने नव्हे, तर त्या एका सकाळने ठरते.